रात्रपाळीच्या शेवटी उपाशीपोटी साखर १३१: एका ऑपरेटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४१ वर्षांचा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहणारा. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात पॅकिंग लाइनवर ऑपरेटर. ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. आईला मधुमेह. रक्तदाब सीमेवरचा, पण गोळी चालू नाही. तंबाखू नाही. दारू 'कधीतरी'. या 'कधीतरी'वर पुढे यावं लागेल.

कारखान्यात तीन पाळ्या. पहिली सकाळी ६ ते दुपारी २, दुसरी २ ते रात्री १०, तिसरी रात्री १० ते सकाळी ६. दर आठवड्याला पाळी बदलते: पहिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि पुन्हा पहिली. हे चक्र बरीच वर्षं अंगवळणी पडलेलं. कंपनीची बस घरापासून वेर्ण्याला पोचायला तासभर घेते, म्हणजे पहिल्या पाळीसाठी पहाटे सव्वाचारला उठणं आलं आणि तिसरी पाळी संपवून घरी पाऊल टाकायला सव्वासात वाजणं आलं.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्त घेतलं गेलं ते सकाळी साडेसहाला, कारखान्याच्या आवारातच. गर्दी टाळायची म्हणून तिसरी पाळी सुटल्या सुटल्या त्या पाळीच्या लोकांना आधी रांगेत घेतलं होतं. अहवालात उपाशीपोटी साखर १३१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी ५.९ टक्के. १३१ भोवती लाल गोल, शेजारी 'मधुमेह, डॉक्टरांना भेटा'. अहवाल हातात आल्यावर तो आधी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दोन औषधं एकत्र असलेली गोळी लिहून दिली. गोळ्या घेतल्या नव्हत्या. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घेऊन तो माझ्या दवाखान्यात आला.

मधल्या सात आठवड्यांत त्याने ग्लुकोमीटर विकत घेऊन घरी तपासायला सुरुवात केली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा. ती पानं त्याने फाडून आणली होती. ९७, १२८, ११०, १३४, १०३, ११३... मध्येच दोन दिवस काहीच नाही, मग पुन्हा १२१.

"डॉक्टर, मला डायबेटीस आहे की नाही ते एकदा सांगा. मशीन रोज वेगळंच सांगतं."

अडचण

मधुमेहाच्या निदानाचा उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्याहून जास्त. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व स्थिती. एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व. याच्या एका अहवालात एक आकडा एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला. खूप तहान लागणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, वजन घटणं यांपैकी काही नसेल तर एका आकड्यावर निदान करत नाहीत. जो आकडा मर्यादा ओलांडतो तीच तपासणी पुन्हा करायची असते. इथवर पाठ्यपुस्तक स्पष्ट आहे.

पुन्हा करायची, पण कधी? याच्या आयुष्यात 'सकाळ' तीन प्रकारची आहे. एका आठवड्यात ती कामाला निघण्याआधीची, एका आठवड्यात नीट झोप झाल्यानंतरची, आणि एका आठवड्यात रात्रभर उभं राहून घरी परतण्याची. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तिन्ही वेळा ती सकाळच असते. शरीराच्या दृष्टीने या तीन सकाळींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

तपासणीच्या आदल्या रात्रीचा हिशेब विचारला तेव्हा पहिली गाठ सुटली. कँटीनमध्ये एक वाजता भात, डाळ, भाजी. पहाटे चारच्या सुमाराला दुधाचा गोड चहा आणि चार बिस्किटं. हे तो 'खाणं' धरतच नव्हता. रांगेत "काही खाल्लंय का?" असं विचारलं तेव्हा त्याने नाही म्हणून सांगितलं, आणि ते त्याच्या समजुतीनं खरंच होतं, कारण नाश्ता झालेला नव्हता. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही नाही. याच्या पोटात शेवटचा गोड घोट जाऊन जेमतेम अडीच तास झाले होते.

इथे थांबून 'म्हणजे अहवाल चुकीचा, विसरून जा' असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा होता, कारण चहा-बिस्किटांनी सगळं काही समजावता येत नव्हतं. एचबीए१सी ५.९ चहावर अवलंबून नसतं. आणि कॅलेंडरवरचे बरेच आकडे, ज्या दिवशी तो खरोखर उपाशी होता त्या दिवसांचेही, शंभरच्या वर होते.

रात्रपाळीत साखरेचं काय होतं

उपाशीपोटीची साखर ही खाल्लेल्या अन्नाची नसते. ती यकृताने रात्रभर थोडी थोडी बनवून सोडलेली असते, आणि यकृताने किती सोडायची यावर इन्सुलिनचा लगाम असतो. पहाटेच्या सुमाराला कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, त्याआधी रात्री गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक येऊन गेलेलं असतं, आणि दोन्ही इन्सुलिनच्या विरुद्ध बाजूला ओढतात. निरोगी माणसात स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन वाढवून तोल सांभाळतं. ज्याचं स्वादुपिंड आधीच काठावर आहे त्याचा तोल इथे थोडा ढळतो. म्हणूनच अनेकांची साखर झोपताना असते त्यापेक्षा उठताना जास्त दिसते.

झोप कमी पडली की यात भर पडते. शरीर सावध अवस्थेतून बाहेर येत नाही, ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं चढी राहतात, रक्तात मुक्त मेदाम्लं वाढतात आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. १९९९ साली शिकागोत झालेला एक प्रयोग यात नेहमी सांगितला जातो. ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास अंथरुणात राहू दिलं. भरपूर झोप मिळाल्यानंतरच्या मोजमापाशी तुलना करता, शिरेतून दिलेली साखर रक्तातून बाहेर पडण्याचा वेग त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. ही धडधाकट मुलं होती, मधुमेही नव्हेत.

रात्रपाळीत झोप कमी होण्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं आणि एका आठवड्याच्या पाळीसाठी ते उलटं फिरत नाही. मध्यरात्री मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक वर असतं, स्वादुपिंड त्या वेळी इन्सुलिन आखडतं देतं, आणि तोच भात दुपारच्यापेक्षा रक्तात जास्त वर चढतो व जास्त वेळ तिथेच रेंगाळतो. २०२१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १९ जणांवर प्रयोगशाळेत रात्रपाळीची नक्कल करून हे तपासलं. रात्रीही जेवलेल्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. तशीच रात्रपाळी करून फक्त दिवसा जेवलेल्यांची वाढली नाही. गट लहान आणि प्रयोग काही दिवसांचाच, तेव्हा त्यातून आयुष्यभराचा निष्कर्ष काढू नये. पण कँटीनची वेळ हा उपचाराचा भाग होऊ शकतो एवढं मात्र त्यातून दिसतं.

म्हणजे याच्या साडेसहाच्या आकड्यात तीन गोष्टी एकत्र शिजल्या होत्या: चारच्या चहाची साखर, रात्री एकच्या भाताचा रेंगाळलेला शेष, आणि न झोपलेल्या शरीराची स्वतःची चढ. पहिली तपासणीची चूक, दुसरी आणि तिसरी मात्र खऱ्या. रात्रपाळीतली वाढलेली साखर 'खोटी' नसते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना ती तेवढीच लागते. फक्त निदानाची मर्यादा ज्या स्थितीतल्या माणसांसाठी ठरवलेली आहे, त्या स्थितीत घेतलेला तो आकडा नसतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय खिशातल्या चिठ्ठीचा. मधुमेह मानून गोळी सुरू करणं. यात अडचण मेटफॉर्मिनची नव्हती, ग्लिमेपिराइडची होती. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जेवण झालं असो वा नसो. ज्याचं जेवण एका आठवड्यात दुपारी एकला आणि दुसऱ्यात रात्री एकला असतं, ज्याचा कँटीनचा ब्रेक लाइन बंद पडल्यावर दीड तास पुढे जातो, त्याला पहाटे साखर उतरून घाम-थरथर सुटली आणि तो चालत्या पट्ट्याजवळ असला, तर? निदान पक्कं नसताना हा धोका पत्करण्याला काही कारण नव्हतं. हा पर्याय पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय, एचबीए१सी ५.९ आहे तेवढ्यावर विसंबून '१३१ रद्द' म्हणणं. एचबीए१सी पाळी पाहत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांतले सगळे तास त्यात धरलेले असतात, म्हणून पाळीत काम करणाऱ्यासाठी ती सगळ्यात भरवशाची तपासणी, असं माझं मत आहे. पण लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात ती खोटी वर जाते, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा लाल पेशी लवकर तुटत असतील तर खोटी खाली येते. याचं हिमोग्लोबिन १४.२ होतं, पेशींचा आकारही नीट, म्हणजे ५.९ वर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. तरी उपाशीपोटीच्या तपासणीत मर्यादा ओलांडलेली असताना ती पुन्हा न करणं बरोबर नव्हतं.

तिसरा, दंडावर चिकटवायचा सेन्सर. तो १४ दिवस सतत साखर मोजतो, म्हणजे एक रात्रपाळीचा आणि एक दुसऱ्या पाळीचा आठवडा बरोबर त्यात बसला असता. खर्च काही हजारांचा, तोही स्वतःच्या खिशातून. शिवाय मधुमेहाचं निदान सेन्सरवर होत नाही. आणि हा माणूस आधीच दिवसातून चार-चार वेळा बोट टोचत होता. त्याच्या हातात दर काही मिनिटांनी बदलणारा आकडा द्यावा की नाही, याचाही विचार केला. सेन्सर राखून ठेवला.

चौथा, पुन्हा रक्ततपासणी, पण दिवस निवडून, आणि तोपर्यंत घरच्या आकड्यांना संदर्भ जोडणं. हाच घेतला.

काय केलं

कॅलेंडर बंद करून एक साधी वही केली. आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहायच्या: कधी झोपलो-कधी उठलो, पाण्याखेरीज शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं, आणि कोणती पाळी. हात साबणाने धुऊन पुसल्याशिवाय बोट टोचायचं नाही. आंबा-केळं सोललेल्या बोटावर साखर असते आणि ती यंत्राला रक्तातलीच वाटते. दिवसाला एकच आकडा, जास्त नाही.

हेही समजावून सांगितलं की घरच्या चांगल्या यंत्रालासुद्धा शंभराच्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे व्हायला मुभा असते. ११० दाखवलं तर खरी साखर ९५ ते १२९ मध्ये कुठेही असू शकते. काल १०७, आज ११२, 'वाढली' असं म्हणायला जागा नाही. एका आकड्याकडे नव्हे, आठवड्याच्या घोळक्याकडे पाहायचं.

तीन आठवड्यांत, म्हणजे पाळ्यांचं एक चक्र पुरं झाल्यावर, वही बोलायला लागली.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो अकराला घरी येऊन हलकं जेवे, बाराच्या आत झोपे आणि सातला उठे. आठला तपासलेली साखर १०१ ते १०७. पहिल्या पाळीच्या आठवड्यात झोप पाच तासांच्या आत, उठणं सव्वाचारला. आकडे १०८ ते ११४. खाण्यात फरक नाही, पोट आठ तासांच्या आसपास रिकामं, तरी आकडे वर. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी परतल्या परतल्या तपासलं की ११८ ते १३४. पण चारला चहा न घेता, घरी येऊन काहीही न खाता झोपून, दुपारी एकला उठून तपासलं तेव्हा १०९ ते ११६.

माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली ती पहिली पाळी. तक्रार सगळ्यांचीच रात्रपाळीबद्दल असते आणि 'सकाळची ड्युटी' चांगली समजली जाते. पण पहाटे चारला उठणारा माणूस रात्री आठला झोपत नाही. मुलीचा अभ्यास, घरातली जेवणं, टीव्ही यांत साडेअकरा होतात. सलग सहा दिवस पाच तासांच्या आत झोप ही रात्रपाळीइतकी डोळ्यांत भरत नाही, पण वहीत ती दिसली.

मग तो ९७. जुन्या कॅलेंडरवरचा सगळ्यात कमी आकडा, ज्याचा त्याला अभिमान होता. तारीख रात्रपाळीच्या आठवड्यातली. विचारता विचारता 'कधीतरी' उलगडलं. रात्रपाळीहून आल्यावर झोप लागावी म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा काजू फेणीचे दोन पेग, बहुतेकदा काही न खाता, आणि मग आडवं होणं. दारू यकृताच्या साखर बनवण्याला आवर घालते, त्यामुळे उठल्यावरचा आकडा खाली येऊ शकतो. झोप लवकर लागते पण तुटक होते. म्हणजे सगळ्यात वाईट झोपेच्या दिवशी सगळ्यात 'चांगला' आकडा. ग्लिमेपिराइड सुरू झालं असतं तर याच सकाळी त्याची साखर धोकादायक उतरू शकली असती. चिठ्ठी बाजूला ठेवायला हे आणखी एक कारण, जे पहिल्या भेटीत माहीतही नव्हतं.

पुढे एक छोटी चाचणी केली, त्याला स्वतःला दिसावं म्हणून. कँटीनचा तोच भात-डाळ-भाजी, त्याच मापाची वाटी, एकदा दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारी एकला घरी आणि एकदा रात्रपाळीत रात्री एकला. दोन तासांनी साखर. दुपारी १३९, रात्री १७१. एकेकाच आकड्यावर शास्त्र उभं राहत नाही, यंत्राची मुभाही धरायला हवी. पण रात्रीच्या जेवणाबद्दल मी अर्धा तास बोलून जे झालं नसतं ते या दोन आकड्यांनी केलं.

रक्ततपासणीसाठी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातला गुरुवार धरला. सोमवारी नाही, कारण पहिल्या पाळीची झोपेची थकबाकी रविवारच्या एका दिवसात फिटत नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवण, भात कमी न करता, कारण कर्बोदकं अचानक तोडली तर ग्लुकोज चाचणी खोटी वर येते. चाचणी सकाळीच, कारण तीच ग्लुकोज संध्याकाळी दिली तर आकडे चढे येतात. गुरुवारी उपाशीपोटी १०४, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५६.

१२६ ची मर्यादा दुसऱ्यांदा ओलांडली गेली नाही. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ मध्ये, म्हणजे मधुमेहपूर्व स्थिती, आणि ती दोन्ही बाजूंनी पक्की. मधुमेह नाही, पण 'काही नाही' असंही नाही. झोपेचं पांघरूण काढल्यावरही खाली काहीतरी उरतं, हे याला नीट सांगणं महत्त्वाचं होतं. नाहीतर पाळीवर सगळं ढकलून तो मोकळा झाला असता.

मेटफॉर्मिन द्यावं का? दिलं असतं तर चूक म्हणता आली नसती. पण वय, वजन आणि ५.९ पाहता चार महिने झोप, जेवणाची वेळ आणि वजन यांवर काम करून मग ठरवायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं.

बदल मोजकेच सुचवले. रात्रपाळीत मुख्य जेवण बस पकडण्याआधी, आठच्या सुमाराला घरीच. रात्री एकला कँटीनमध्ये भात नाही. त्याऐवजी उकडलेली अंडी किंवा मूठभर उकडलेले चणे आणि ताक. चहा बिनसाखरेचा, तोही दोनच्या आत, म्हणजे सकाळच्या झोपेच्या आड येणार नाही. घरी आल्यावर अर्धी वाटी पेज किंवा एखादा पोळा, आणि साडेआठच्या आत अंथरुणात. फेणी झोपेसाठी नाही.

झोपेचं सांगणं सोपं, होणं अवघड. त्याच्या घरी सकाळी दहाला मासळीवाल्याचा भोंगा दारात वाजतो, वर पत्रा तापायला लागतो, आणि घरात दिवस उजाडलेला असतो. खिडकीला जाड काळा पडदा लावला, मोबाइल बाहेरच्या खोलीत गेला. सासूबाईंनी मासळीवाल्याला पुढच्या वळणावर थांबायला सांगितलं, ही सोय मला सुचली नसती. आठ तास सलग झोप दिवसा होत नाही हे मान्य करून तिचे दोन भाग केले: सकाळी पाच तास आणि संध्याकाळी साडेसहाला तासभर.

तिसऱ्या भेटीला पत्नी सोबत आली. "रात्री घोरतात ते ओसरीवर ऐकू येतं. मध्येच थांबतात, मग दचकल्यासारखा श्वास घेतात," असं ती सहज बोलून गेली. झोपेत श्वास अडणं हे साखर वाढण्याचं स्वतंत्र कारण असतं, आणि ते पाळीशी बांधलेलं नसतं, चांगल्या आठवड्यातही तिथेच असतं. झोपेची तपासणी करून घेतली. तासाला नऊ वेळा श्वास अडत होता, म्हणजे सौम्य प्रकार. यंत्र लावण्याची गरज पडली नाही. कुशीवर झोपणं आणि वजन उतरवणं एवढंच ठरलं. दारू बंद झाली तर याचाही फायदा होणार होता, कारण ती घशाचे स्नायू सैल करते.

परिणाम

चार महिन्यांनी वजन ७४.५ किलो. एचबीए१सी ५.७. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात उपाशीपोटीची साखर ९६ ते १०१. रात्रपाळीत, झोपून उठल्यावर १०४ ते ११०. पहिल्या पाळीचे आकडे मात्र जेमतेम हलले: १०६ ते १११. पहाटे सव्वाचार बदलत नाही, आणि रात्री साडेअकराचे साडेदहा करण्यापलीकडे तो जाऊ शकला नाही. चवथीच्या दिवसांत वही दोन आठवडे कोरी आहे. नेवऱ्या आणि पातोळ्यांच्या दिवसांत कोणी बोट टोचावं अशी अपेक्षाही नव्हती.

फेणी सुटली असं तो म्हणतो. पत्नी म्हणते, कमी झाली.

पाळीबद्दल त्याने व्यवस्थापनाकडे अर्ज दिला होता. रात्रपाळीतून सूट मिळाली नाही, आणि त्याला ती नकोही होती, कारण रात्रपाळीचा भत्ता घराच्या हप्त्यात जातो. एक गोष्ट मात्र झाली: दुसरी पाळी संपवून लगेच पहिलीला बोलावणं, म्हणजे रात्री १० ला सुटून सकाळी ६ ला हजर राहणं, माणसं कमी असली की सर्रास चालायचं, ते त्याच्या बाबतीत बंद झालं. तासभर जायला, तासभर यायला धरलं तर त्या रात्री चार तास झोप मिळणंही कठीण होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न तपासणीच्या रांगेतला. "काही खाल्लंय का?" याऐवजी "पाण्याशिवाय शेवटचं काय घेतलं आणि किती वाजता?" आणि "किती वाजता झोपून उठलात?" असं विचारलं असतं आणि उत्तर अहवालावर लिहिलं असतं, तर १३१ भोवती लाल गोल पडला नसता. तिसऱ्या पाळीच्या लोकांचं रक्त त्यांच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात घेणं ही कंपनीला फुकटात करता येण्यासारखी गोष्ट होती. ते जमत नसेल तर त्या दिवशी फक्त एचबीए१सी घ्यावं आणि उपाशीपोटीच्या साखरेचा रकाना रिकामा सोडावा.

घोरण्याचा प्रश्न पहिल्या भेटीतला आहे. तो तिसऱ्या भेटीत योगायोगाने आला. झोपेबद्दल बोलताना अंथरुणात शेजारी असणाऱ्या माणसाला बोलावणं हे चांगल्या वहीइतकंच कामाचं. दारूचंही तसंच. 'घेता का?' याला 'कधीतरी' हेच उत्तर मिळतं. 'झोप लागावी म्हणून घेता का?' असं विचारलं तर रात्रपाळीचा माणूस वेगळं उत्तर देतो.

सेन्सरबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. रात्री एक ते सकाळी सात या काळातली पूर्ण रेघ दिसली असती तर भाताचा शेष किती आणि जागरणाची चढ किती हे जास्त नीट वेगळं करता आलं असतं. निर्णय मात्र तोच राहिला असता, आणि त्या पैशांत काळा पडदा आणि ग्लुकोज चाचणी दोन्ही झाले. गोळी सुरू करायची वेळ आली, विशेषतः साखर उतरवू शकणारी, तर त्याआधी एक रात्रपाळीचा आठवडा सेन्सरवर पाहायचा, एवढं त्याच्या कागदावर नोंदवून ठेवलं आहे.

त्याच्या फायलीच्या पहिल्या पानावर आता पुढच्या तपासण्यांसाठी असं लिहिलं आहे: एचबीए१सी दर सहा महिन्यांनी, सोबत हिमोग्लोबिन. उपाशीपोटीची साखर फक्त दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, गुरुवार किंवा शुक्रवारी, सहा तासांपेक्षा जास्त झोप झाली असेल तरच. पत्रकावर शेवटचा घास आणि उठण्याची वेळ लिहिणं सक्तीचं. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ पार झालं तर आठवड्याभरात पुन्हा. एचबीए१सी ६ च्या वर गेलं तर मेटफॉर्मिनचा विषय पुन्हा काढायचा. आणि तहान, वारंवार लघवी किंवा वजन आपोआप उतरणं दिसलं तर पाळी कोणतीही असो, त्याच दिवशी रक्त द्यायचं.